पावसाळ्याआधीच्या सह्या

पत्रू उसेंडीला एक सही करायला जवळपास एक मिनिट लागायचं. आधी तो पेनाचं टोक बघायचा, मग कागद सरळ करायचा, मग डावा तळहात कागदावर असा दाबायचा की जणू कागद उठून पळणार आहे. ‘प’ सावकाश. ‘त्रू’ला जास्त वेळ. ‘उसेंडी’ची अनुस्वाराची टिकली द्यायच्या आधी थांबून एक श्वास. समोर बसलेल्याचा जीव टांगणीला लागायचा.

“भाऊ, सही करून राह्यले का चित्र काढून राह्यले?” पुनम विचारायची.

“चित्र लवकर होते, बाई. मोर काढतो मी एका झपाट्यात. हे नाव हाय.”

पुनम मडावी म्हणजे ‘झाडीमाय’ वनउपज उत्पादक कंपनीची हिशेबनीस. तीस वर्षांची, बीकॉम, स्कूटीवर तालुक्याहून संकलन केंद्रात यायची. आणि पत्रू त्या कंपनीचा अध्यक्ष. वय सत्तावन, शिक्षण दुसरी. चाळिशीपर्यंत तो अंगठाच लावत होता. जंगलावरच्या गावाच्या हक्काचा दावा भरायची वेळ आली तेव्हा ग्रामसभेत सगळ्यांचे अंगठे घेणारा साहेब निळ्या शाईची डबी पुढे सरकवत म्हणाला होता, ‘चल, लाव.’ त्या ‘लाव’चा पत्रूला असा राग आला की दावा आठ दिवस पुढे ढकलून तो शाळेतल्या मास्तरकडे बसला आणि नाव लिहायला शिकला. तेव्हापासून नदीपलीकडच्या अकरा गावांत त्याच्या शब्दाला वजन आलं. तोलताना काट्यावर बोट न ठेवणारा माणूस म्हणूनही लोक त्याला ओळखत. सहा वर्षांपूर्वी कंपनी निघाली तेव्हा अध्यक्ष कोण, हा प्रश्न फार वेळ चाललाच नाही.

कंपनी म्हणजे तरी काय? रस्त्याला लागून एक पत्र्याचं गोदाम, एक वजनकाटा, एक लोखंडी कपाट, आणि साडेतीनशे बायका-पुरुष सभासद. चारोळी, हिरडा, बेहडा, मोहफुलं, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी मोहाच्या बिया, म्हणजे टोऱ्या. टोऱ्या व्यापारी बावीस रुपये किलोनं घ्यायचा, कंपनी तीस देत होती. पैसे गावागावच्या बचत गटांच्या नावानं चेकने जायचे. चेकवर दोन सह्या लागत: अध्यक्ष पत्रूची, आणि सचिव दादाजी चौधरीची. दादाजी निवृत्त ग्रामसेवक, राहणार नदीच्या अलीकडे, पण पावसाळ्यात भाताच्या बांधीतून त्याचा पाय निघत नसे.

आणि पत्रूचं गाव, तोयाटोला, नदीच्या पलीकडे. जुलैत नदी भरली की डोंगा, म्हणजे लहान लाकडी होडी, चालेल तेव्हा चालेल. कधी चार दिवस, कधी दहा दिवस इकडचा माणूस इकडे आणि तिकडचा तिकडे.

पहिल्याच पावसाळ्यात बायकांचे पैसे तीन आठवडे अडकले होते. सोनीबाईनं, म्हणजे पत्रूच्या चुलतभावाच्या बायकोनं, भर सभेत त्याला विचारलं होतं, “भाऊजी, टोऱ्या आमी पावसात वेचल्या, तुमची सही उन्हाळ्यात येते का?”

तेव्हापासून एक रीत पडली. जूनमध्ये मृगाच्या आसपास पत्रू नि दादाजी एक दिवस गोदामात बसत. पुनम नवं चेकबुक पुढे ठेवी. दोघं वीस-पंचवीस कोऱ्या चेकांवर सह्या करत. मग ते चेकबुक लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली दाराच्या मागच्या खिळ्याला. खिळ्यावरची किल्ली सगळ्यांना माहीत होती. ड्रायव्हरला, हमालाला, मोहफुलं सुकवायचं यंत्र दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्र्याला, बॅग ठेवायला आत आलेल्या प्रत्येकाला. चोरीची भीती कोणालाच वाटत नव्हती, कारण कपाटात पैसे नसायचे. कागदच तर होते!

सहा वर्षं काही झालं नाही. पत्रू दर जूनला पंचवीस वेळा स्वतःचं नाव लिहायचा आणि संध्याकाळी बोटं चोळत डोंग्यात बसायचा.

त्या वर्षी ऑगस्टमधला तो सोमवार होता. नदी जरा उतरली होती. पत्रू डोंग्यातून अलीकडे आला, टेकाड चढला, आणि बाजारच्या वाटेवर पळसाजवळ त्याच्या खिशातला फोन एकदम तडफडायला लागला. तोयाटोल्यात नेटवर्क नाही. फोन तिथे चार-चार दिवस मुका असतो आणि टेकाडावर आला की सगळं एकदम ओकतो. कंपनीच्या खात्याला नंबर त्याचाच लावलेला होता, अध्यक्ष म्हणून.

संदेश इंग्रजीत. पण आकडे पत्रूला वाचता येत. त्यानं फोन लांब धरला, जवळ धरला, मग वाटेवरच उभा राहून पुनमला फोन लावला.

“पुनम, दोन तीन आठ शून्य शून्य शून्य. हे कोनाले देल्लं?”

“काय?”

“बँकेचा मेसेज हाय. शुक्रवारचा. दोन लाख अडतीस हजार. कोनत्या गावाचा चेक एवढा मोठा?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग कपाटाचं दार उघडल्याचा आवाज. मग पानं उलटल्याचा.

“भाऊ,” पुनम म्हणाली, “मी अशी रक्कम लिहिलीच नाई. चेकचा नंबर सांगा. शेवटचे तीन आकडे.”

“सात चार आठ.”

“आपण सातशे एकतीसपर्यंतच आलो आहोत.” पुन्हा पानं. “भाऊ... मागून तीन पानं नाईत. सातशे अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. शेवटची तीन. कोणी काढली तर मले दिसलंच नसतं, मी पुढून फाडते ना!”

“तीन?”

“एक वटला. दोन अजून बाहेर हायेत. दोघांच्याही सह्या असलेले.”

पत्रूनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुमी तिथूनच जीप पकडा. तालुक्याले या. बाजार राहू द्या,” पुनम म्हणाली. “मी बँकेत फोन लावते. दादाजीभाऊलेबी.”

पुनमनं आधी बँकेच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन केला. तिथल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, ‘खात्यावर तुमची सही चालते का?’ नाही म्हटल्यावर म्हणाला, ‘मग तुमच्या सांगण्यावरून मी चेक थांबवू शकत नाही. सही असलेल्या कोणालाही बोलू द्या, किंवा शाखेत कळवा. माझ्याकडे तक्रार नोंदवतो, हा नंबर लिहून घ्या.’ तिनं नंबर लिहिला. मग शाखेत फोन. मग शाखाधिकाऱ्यांनी सांगितलं तसं कंपनीच्या बँकेत नोंदवलेल्या ई-मेलवरून पत्र: खाते क्रमांक, वटलेल्या चेकचा क्रमांक, रक्कम, तारीख, गहाळ पानांचे क्रमांक, आणि खाली, ‘अध्यक्ष प्रत्यक्ष येत आहेत, तोवर या खात्यातून एकही चेक जाऊ देऊ नये.’ वेळ, अकरा वाजून दहा मिनिटं.

जीप चिखलातून दीड तास आली. पत्रू बँकेच्या दारात पोचला तेव्हा त्याचे पाय पोटरीपर्यंत मातीनं भरलेले होते. दारातल्या शिपायानं पायपुसण्याकडे बघितलं. पत्रू पाय पुसत राहिला, पुसत राहिला.

“भाऊ, बस झालं, आत चला,” पुनमनं त्याला दंड धरून नेलं.

शाखाधिकारी दिव्यानी ठाकरे. चंद्रपूरची मुलगी, वयानं पुनमएवढीच, पण बोलताना पुढ्यातल्या माणसाच्या डोळ्यांत बघून, हळू बोलायची. खुर्चीवर दादाजी आधीच येऊन बसला होता, गमजानं मान पुसत.

“बसा काका. पाणी घ्या. आधी एक काम उरकू, मग बोलू.” तिनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. “पुनमताईंचा मेल आला म्हणून मी आजच्या क्लिअरिंगमध्ये शोधलं. सातशे एकोणपन्नास आलाय. आजच. दोन लाख दहा हजार.”

“आला?” दादाजी उठूनच उभा राहिला.

“आलाय, पण मी रोखून धरलाय. परत पाठवायचा तर तुमची लेखी सूचना हवी. आत्ता. वेळ संपली तर तो आपोआप मान्य होऊ शकतो. थांबवायला दोघांची गरज नाही, एकाचीही सही चालते. पुन्हा सुरू करायचं झालं तर मात्र दोघं लागतील.”

तिनं छापील अर्ज पुढे ठेवला. पुनमनं भराभर भरला. पत्रूनं पेन घेतलं. कागद सरळ केला. डावा तळहात दाबला.

“भाऊ, लवकर,” दादाजी म्हणाला.

“करतो ना.”

“अरे, पण...”

“मधात बोलू नको. टिकली चुकते.”

सही झाली. दिव्यानीनं ती पडद्यावरच्या नमुन्याशी जुळवली, शिक्का मारला, बाजूला वेळ लिहिली, बारा चाळीस, आणि पटापट कळा दाबल्या. “परत गेला. ‘खातेदाराने पैसे थांबवले’ हे कारण. सातशे पन्नासही थांबवलाय. आणि तुम्ही सांगाल तोवर खात्यातून काहीच बाहेर जाणार नाही. ठीक?”

पत्रूनं इतक्या वेळानं पाणी प्यायलं.

“मंग पहिला? शुक्रवारचा?”

“तोच मोठा प्रश्न आहे. शुक्रवारी रक्कम मोठी म्हणून आमच्या माणसानं तुम्हाला दोनदा फोन केला होता. तुमचा फोन बंद होता.”

“बंद नोहता, बाई. घरी होता.”

दिव्यानीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं आणि ती खाली बघू लागली.

“मोठ्या चेकचा नंबर, नाव, रक्कम बँकेला आधीच कळवून ठेवायची सोय असते. तुमच्या खात्याला ती लावलेली नाही.”

“ते लावा म्हणून तुमच्या आधीच्या साहेबांनी म्हटलं होतं,” पुनम म्हणाली. “पण प्रत्येक वेळी खात्री करायला भाऊंच्याच फोनवर यायचं. भाऊंचा फोन पलीकडे. मग आम्ही नको म्हटलं.”

“पैसे कुठी गेले?” दादाजीनं विचारलं.

“दुसऱ्या बँकेत, रायपूरकडच्या एका शाखेत. खातं कोणा अंकुश नावाच्या माणसाचं. चेक त्याच्या नावावर आहे. मी त्या बँकेला सकाळीच मेल टाकलाय की ही रक्कम वादात आहे, खात्यात जेवढं उरलंय तेवढं रोखून ठेवा. त्यांचं उत्तर आलं. एकसष्ट हजार चारशे उरलेत. बाकी शनिवार-रविवारी काढले किंवा पुढे पाठवले. हे तात्पुरतं धरून ठेवलंय, पक्कं करायला पोलिसांचं पत्र लागेल. म्हणून इथून निघाल्यावर सरळ ठाण्यात जायचं. उद्या नाही. आजच.”

“मंग लिहा अर्ज,” पत्रू म्हणाला.

“लिहू. पण आधी हे बघा.”

तिनं शुक्रवारच्या चेकची छबी पडद्यावर मोठी केली. काळ्या शाईत कोणा अनोळखी हातानं नाव लिहिलेलं, रक्कम लिहिलेली. खाली दोन सह्या. दादाजीची तिरपी, फराटेदार. आणि तिच्या शेजारी सावकाश, गोल, टिकलीसकट: पत्रू उसेंडी.

“ही सही तुमची आहे का, काका?” दिव्यानीनं विचारलं. “घाई करू नका. कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. सही कोणी नकली केलेली असेल, तर खोट्या सहीवर पैसे देणं ही बँकेची चूक. बँकेला भरून द्यावे लागतील. सही खरी असेल, तर बँकेनं तुमच्याच सहीवर पैसे दिले असं होतं. मग नुकसान कंपनीचं.”

दादाजीनं घसा खाकरला. “मॅडम, आम्ही दोन मिनिटं बाहेर बोलून येतो.”

बाहेर बँकेच्या पायऱ्यांवर पाऊस भुरभुरत होता. दादाजीनं पत्रूचा हात धरून त्याला एटीएमच्या आडोशाला ओढलं. पुनम दोन पावलं मागे उभी राहिली.

“पत्रूभाऊ, ऐक. म्हण, माही नाई.”

“काय?”

“सही. म्हण, माही नाई. मीबी म्हणतो माही नाई. तुही सही तशीबी रोज येगळी येते. बँकेतली पोरं हासतात तिच्यावर, मी पाह्यलं हाय. कोन सिद्ध करन?”

“रोज येगळी नाई येत.”

“आता ते सोड ना रे! बायकांचे पैसे हायेत ते. अकरा गावांचे. बँकेले का कमी पडते? त्यायले भरून द्यावं लागन, संपलं. तू खरं बोलशीन त सोनीबाईले काय सांगशीन? ‘म्या खरं बोललो, आता तू उपाशी राह्य’?”

रस्त्यावरून एक ट्रक बांबू घेऊन गेला.

“आन चेकवर सही आधीच करून ठेवत होतो हे बाहेर निघालं त,” दादाजीनं आवाज आणखी उतरवला, “माणसं आपल्यालेच म्हणतीन. संचालक म्हणून जबाबदारी आपली. मी चाळीस वर्षं सरकारी नोकरी केली, भाऊ. मले म्हातारपणी ठाण्यात नको बसवू.”

“पुनम,” पत्रूनं मागे न बघता विचारलं, “तू काय म्हणते?”

पुनम ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“नकली म्हटलं तर सही तज्ज्ञाकडे जाईल,” ती शेवटी म्हणाली. “आणि पोलीस विचारतील, नकली सही करायला येते कोणाले? तुमची सही रोज पाहणारं कोण? कपाटात हात कोणाचा असते?” ती थांबली. “ते मलेच विचारतीन, भाऊ. पण तुमी म्हणा तुमाले जे म्हणायचं ते. मी इथीच हाय.”

दादाजी म्हणाला, “तिले काई होत नाई. दोन दिवस विचारपूस, बस.”

“दोन दिवस?” पुनम हसली, पण ते हसू नव्हतं. “माह्या सासरी तुमी जाऊन सांगा मंग, भाऊ. दोन दिवसच म्हणा.”

पत्रू पायऱ्या चढून आत गेला. दादाजी मागून काहीतरी बोलत होता, ते काचेच्या दारात अडकलं.

तो पडद्यासमोर उभा राहिला. बसला नाही.

“माही हाय,” तो म्हणाला. “सही माही हाय. बाकी अक्षर माहं नाई. आमी पावसाळ्याआधी सह्या करून ठेवतो, नदी भरते म्हणून. त्यातलं कोनी नेलं.”

दिव्यानीनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर शाबासकी नव्हती. उलट काहीतरी बुडताना बघितल्यासारखं. “लिहा ताई,” ती पुनमला म्हणाली. “असंच लिहा. काही लपवू नका, आणि काही वाढवू नका.”

पुनम कंपनीच्या छापील कागदावर लिहू लागली. दिव्यानी सांगत होती, पुनम मोठ्यानं वाचत होती, पत्रू ऐकत होता. विषय: चालू खात्यातून संमतीशिवाय वटलेल्या चेकबाबत तक्रार व तातडीच्या कार्यवाहीची विनंती. मग खात्याचं नाव, क्रमांक. चेक सातशे अठ्ठेचाळीस, रक्कम, वटल्याची तारीख, कोणाच्या नावे, कोणत्या बँकेत. हा व्यवहार कंपनीनं केलेला नाही, त्या नावाशी कंपनीचा कुठलाही व्यवहार नाही. प्रकार कधी कळला: सोमवार, सकाळी साडेदहा. उशीर का झाला: गावात नेटवर्क नाही. बँकेला पहिल्यांदा कधी कळवलं, तक्रार क्रमांक काय. गहाळ पानं कोणती. सह्या आधी केल्या होत्या, रकमा व नाव नंतर अनोळखी हातानं भरलं. विनंती: पैसे गेलेल्या बँकेकडून उरलेली रक्कम रोखावी, मूळ चेकचा कागद त्यांच्याकडे असतो, तो नष्ट न करता पोलिसांसाठी जपून ठेवायला सांगावं, चेकच्या दोन्ही बाजूंची छबी व खातेउतारा द्यावा.

“दोन प्रती करा. एकीवर मी पोच देते, तारीख आणि वेळेसकट. ती जपून ठेवा, ठाण्यात पहिल्यांदा तीच मागतील. कपाटातली उरलेली सही केलेली पानंही आजच माझ्याकडे आणा, रद्द करू.”

दादाजीनंही सही केली, तिरपी, फराटेदार. पत्रूनं आपली केली. पुन्हा एक मिनिट. या वेळी कोणी घाई केली नाही.

ठाण्यातल्या हवालदारानं अर्ज दोनदा वाचला. “कोऱ्या चेकवर सह्या?” त्यानं विचारलं. “काका, घराची किल्ली रस्त्यावर ठेवता का तुमी?”

“आमच्या गावात घराले कुलूप नाई, साहेब.”

“बरोबर,” हवालदार म्हणाला, “म्हणूनच.” पण त्यानं अर्ज घेतला, नोंद केली आणि संध्याकाळपर्यंत रायपूरच्या बँकेला पत्रही पाठवलं. नंतरच्या दिवसांत तो गोदामात आला. ड्रायव्हर लच्छूला विचारलं, हमालांना विचारलं, पुनमला तीन वेळा विचारलं. जूनच्या शेवटी आलेल्या यंत्राच्या मिस्त्र्याचा नंबर लागला नाही. अंकुश नावाचा माणूस सापडला, म्हणजे त्याचं घर सापडलं. विटाभट्टीवरचा मजूर. त्यानं पाच हजारांत आपलं खातं कोणाला तरी ‘वापरायला’ दिलं होतं, असं तो सांगत होता. चेक कोणी नेला, हे अजून कोणालाच माहीत नाही. त्यामुळे झालं असं की गोदामात जो तो दुसऱ्याकडे जरा जास्त वेळ बघायला लागला. लच्छू चहाला यायचा बंद झाला. पुनम पर्स उघडी ठेवून टेबलावर ठेवायची, मुद्दाम, सगळ्यांना आतलं दिसेल अशी. पत्रूला ते बघवत नसे.

तीन आठवड्यांनी बँकेचं पत्र आलं. पुनमनं ते आधी स्वतःशी वाचलं, मग पत्रूला सांगितलं. सह्या नमुन्याशी जुळतात. खातेदारानं त्या स्वतःच्या असल्याचं मान्य केलं आहे. सबब झालेल्या नुकसानीला बँक जबाबदार नाही. रोखलेले एकसष्ट हजार चारशे न्यायालयाचा आदेश आल्यावर मिळतील. उरलेले एक लाख शहात्तर हजार सहाशे, याबद्दल पत्रात काहीच नव्हतं.

“वर तक्रार करता येते,” पुनम म्हणाली. “बँकांच्या लोकपालाकडे. करू?”

“कर,” पत्रू म्हणाला. “पन तिथीबी हेच विचारतीन ना? सही तुही हाय का म्हणून?”

“हो.”

“आन मी तेच सांगन.”

सभा तोयाटोल्यात ठेवली, कारण सर्वात जास्त पैसे तिथल्या बायकांचे राहिले होते. पाऊस नव्हता, पण आभाळ भरून आलेलं होतं. गोटूलाच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, ओट्यावर बायका बसल्या, पुरुष कडेला उभे. दादाजी आला नाही; गुडघा दुखतो म्हणून निरोप धाडला. पुनम कागद घेऊन आली होती.

तिनं ठराव वाचला. यापुढे कोऱ्या चेकवर सही होणार नाही. सहीचे अधिकार आता नदीच्या अलीकडे राहणाऱ्या, तालुक्यात रोज जाता येईल अशा दोन संचालकांना द्यावेत. पत्रू उसेंडी यांची सही बँकेत बंद करावी.

“हे बँक म्हणते का तू म्हणते?” सोनीबाईनं पुनमला विचारलं.

“मी म्हणतो,” पत्रू म्हणाला. “माह्याच तोंडून लिहिलं तिनं.”

“आन आमचे पैसे?”

“भागभांडवलातून निम्मे देऊ. दिवाळीनंतर. बाकी...” पत्रू थांबला. “बाकीचे कोर्टातून येतीन तेवढे. किती, कधी, ते मले सांगता येत नाई.”

मागून एक म्हातारी म्हणाली, “माहे एकोणीसशे होते.” बस, एवढंच. पुरुषांतून वारलू बोलला, “खोटं बोलला असता त मिळाले असते म्हणते दादाजी.”

“मिळाले असते, असं मलेबी वाटते,” पत्रू म्हणाला.

“मंग काऊन नाई बोलला?”

पत्रू ओट्यावरची चटई सरळ करू लागला. पुनम खाली मान घालून कागदाची कड दुमडत होती, परत उलगडत होती. सोनीबाईनं तिच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग वारलूला म्हणाली, “गप बस रे तू. तुले काय करायचं?”

कोणी भांडलं नाही. पत्रूला वाटलं होतं, भांडतील. त्यानं त्याची तयारीही केली होती. पण हात वर झाले, ठराव झाला, आणि बायका एकेक उठून गेल्या. ओट्यावर चटया राहिल्या.

त्या आठवड्यात नदी उतरलेली होती म्हणून व्यापाऱ्याची पिकअप तोयाटोल्याच्या घाटापर्यंत आली, बऱ्याच वर्षांनी. ड्रायव्हरच्या हातात नोटांची गड्डी आणि काटा. बावीस रुपये. जागेवर.

सोनीबाई डोक्यावरून टोऱ्यांचं पोतं घेऊन आली. पत्रू घाटावरच होता, पुनमला नदी ओलांडून देऊन परतत होता. सोनीबाईनं त्याला बघितलं आणि पोतं खाली ठेवलं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “तीस रुपये माहे तुमच्याकडे अडकले. आता बावीस तर हातात पडू द्या.”

“दे ना, वहिनी. मी काय म्हणतो?”

“नाई म्हणत. पन पाहून राह्यले.”

पिकअपचा फाळका उंच होता. ड्रायव्हर नोटा मोजत राहिला, उतरला नाही. सोनीबाईनं पोत्याचं एक टोक उचललं आणि तशीच वाकून उभी राहिली. पत्रू दोन पावलं पुढे आला, त्यानं दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी मिळून पोतं व्यापाऱ्याच्या गाडीत टाकलं.